दोन्ही कोर्टांत हरलो, आता हायकोर्ट साक्षीदारांचं म्हणणं पुन्हा बघेल का?

माळरान | ४ मार्च, रात्री १०:१२

मामांच्या जमिनीबद्दल विचारायचं आहे. जमीन १ हेक्टर २० आर. २००६ साली मुलीच्या लग्नासाठी मामांना दीड लाख लागले. गावातल्याच एका गृहस्थांनी ते व्याजाने दिले आणि तारण म्हणून खरेदीखत करून मागितलं. खरेदीखत रजिस्टर झालं. पैसे फिटले की जमीन परत फिरवून द्यायची, असं तोंडी ठरलं. जमीन तेव्हापासून आजपर्यंत मामाच कसतायत, एक हंगामही पडीक राहिलेली नाही.

ते गृहस्थ वारले. मुलांनी २०१४ मध्ये खरेदीखत दाखवून ताब्याचा दावा लावला. मामांनी कैफियतीत सगळं खरं सांगितलं आणि दोन साक्षीदार दिले. तालुक्याच्या कोर्टाने साक्षीदारांवर विश्वास ठेवला नाही, २०१९ मध्ये दावा मंजूर झाला. जिल्हा कोर्टात अपील केलं, तेही दोन महिन्यांपूर्वी फेटाळलं. आता त्या मुलांनी निकाल अमलात आणून ताबा मिळवण्यासाठी दरखास्त टाकली आहे.

वकील म्हणतात, सेकंड अपील करता येईल पण तिथे साक्षीपुरावा पुन्हा बघत नाहीत. हे मला पटत नाही. साक्षीदार खरं बोलले होते. खालच्या दोन्ही कोर्टांची चूक झाली असेल तर ती बघायची नाही, मग वरचं कोर्ट आहे कशाला?

---

सडेतोड_७ | ४ मार्च, रात्री १०:४०

दोन्ही कोर्टांचा निकाल एकसारखा आला की विषय संपला. कॉन्करंट फाइंडिंग म्हणतात त्याला. हायकोर्ट अ‍ॅडमिशनलाच फेटाळतं. माझ्या चुलत्यांचं पाच मिनिटांत गेलं. उगाच पैसे घालवू नका.

---

रानवाट | ४ मार्च, रात्री ११:०५

असं काही नाही. अपिलात 'निष्कर्ष परव्हर्स आहेत', म्हणजे पुराव्याच्या पार उलट आहेत, असं लिहायचं, मग हायकोर्टाला पुरावा बघावाच लागतो. चांगला वकील धरा फक्त.

---

दिवाणी_बाजू | ५ मार्च, सकाळी ७:२०

सव्वीस वर्षं दिवाणी वकिली करतेय, त्यातली बरीच अपिलांमध्ये गेली. वरचे दोघेही अर्धं बरोबर आहेत, आणि अर्ध्यावर विसंबून माणसं बुडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

माळरान, मामा खरं बोलतायत असं मी धरून चालते. तरीही हायकोर्ट 'साक्षीदार क्रमांक दोन खरा की खोटा' हे ठरवायला बसणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे दुसरं अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं. वस्तुस्थितीचा शेवटचा मुक्काम म्हणजे जिल्हा कोर्ट. तिथे सगळा पुरावा नव्याने तोलून घ्यायचा तुम्हाला हक्क होता.

हे आजचंही नाही. १८९० साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, सांगून ठेवलंय की वस्तुस्थितीबाबतची चूक कितीही ढोबळ, कितीही अक्षम्य वाटली तरी तेवढ्यावर दुसरं अपील चालत नाही. तरीही हायकोर्टं हळूहळू पुराव्यात शिरत राहिली. म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने दार आणखी अरुंद केलं. आता अपील मेमोतच प्रश्न नेमका लिहावा लागतो, हायकोर्टाला तो आखून द्यावा लागतो आणि सुनावणी त्याच प्रश्नावर होते. प्रश्न न आखता पुरावा तपासून हायकोर्टाने निकाल फिरवला, तर तो सुप्रीम कोर्टात टिकत नाही. हायकोर्टात जिंकून आलेल्या पक्षकारांचे निकाल याच कारणावरून उलटलेले आहेत.

रानवाट, नुसता 'परव्हर्स' शब्द लिहून काही होत नाही. न्यायमूर्ती पहिल्याच तारखेला विचारतात, कोणता निष्कर्ष, कोणत्या परिच्छेदात, आणि कोर्टात क्रमांक पडलेल्या कोणत्या कागदाच्या, म्हणजे निशाणीच्या, विरुद्ध? तिथे उत्तर नसलं की संपलं.

माळरान, दोन्ही निकालपत्रं समोर ठेवा आणि मला तीन गोष्टी सांगा. तालुका कोर्टाने साक्षीदारांवर अविश्वास कशामुळे दाखवला? जिल्हा कोर्टाने मुद्दे काय काढले? आणि कब्जा मामांकडेच होता हे दाखवणारे कोणते कागद निशाणी पडलेत, त्यांचा उल्लेख जिल्हा कोर्टाच्या निकालात कुठे आहे?

---

शब्दशः | ५ मार्च, सकाळी ९:४८

मी कोर्टात लघुलेखक होतो, आता निवृत्त आहे. साक्षीदार हायकोर्टात का तपासत नाहीत, हे मी रोज टंकयंत्रावर पाहिलंय.

उलटतपासात वकील विचारतो, "तुमच्यासमोर पैसे दिलेच गेले नाहीत, तुम्ही खोटं सांगताय." साक्षीदार खाली बघतो, घोट गिळतो, बायकोकडे बघतो आणि मग पुटपुटतो, "दिले होते." कागदावर काय उतरतं? 'हे म्हणणे खरे नाही की, माझ्यासमक्ष पैसे दिले गेले नाहीत.' एवढंच. जो ठणकावून बोलला त्याचंही हेच वाक्य आणि जो घाबरून बोलला त्याचंही हेच. न्यायाधीशांना दिसलं ते हायकोर्टात गेलेल्या बाडात नसतं. क्वचित साहेब वेगळी नोंद घ्यायला सांगायचे, 'साक्षीदार उत्तर देण्यास वेळ घेत आहे' अशी. पण ते वर्षातून एखाद्या वेळी.

त्यामुळे माझ्या मते ज्याने माणूस पाहिला त्याच्यावर सोडलेलं बरं.

---

काळीआई | ५ मार्च, दुपारी १:१५

शब्दशः काका, तुमचा मान ठेवून विचारते. जिल्हा न्यायाधीशांनी तरी साक्षीदार कुठे पाहिलेला असतो? त्यांच्यापुढेही तेच बाड. मग ते पुरावा तोलू शकतात आणि हायकोर्ट नाही, हे कसं? आणि साक्षीदार ज्या न्यायाधीशांनी पाहिला, त्यांची निकालाच्या आधीच बदली झालेली असते. आमच्या दाव्यात तीन साहेब बदलले.

---

दिवाणी_बाजू | ५ मार्च, दुपारी ३:३०

काळीआई, तुमचा आक्षेप खरा आहे. साक्षीदार प्रत्यक्ष पाहिला हे कारण सगळ्या जागी पुरत नाही. दुसरं कारण साधं आहे, कुठेतरी थांबावं लागतं. एकाच साक्षीबद्दल तीन न्यायाधीशांची तीन मतं होऊ शकतात, आणि तिसरं मत पहिल्या दोघांपेक्षा जास्त खरं असेलच असं नाही. कायद्याने एक फेरतपासणी दिली, ती पहिल्या अपिलात. त्यापुढे वरच्या कोर्टाचं काम आहे ते कायदा सगळीकडे सारखा लागतोय ना हे बघायचं. म्हणूनच पहिलं अपील निष्काळजीपणे चालवलं की नुकसान भरून निघत नाही. लोक तिथे 'बघू, वर हायकोर्ट आहेच' म्हणतात, आणि वर वेगळंच कोर्ट भेटतं.

---

माळरान | ५ मार्च, रात्री ९:०५

ताई, रविवारसारखा बसून वाचलं. एवढे दिवस आम्ही फक्त शेवटचं पान वाचलं होतं.

तालुका कोर्ट म्हणतं, एक साक्षीदार मामांचा मेहुणा आहे, म्हणून हितसंबंधी. दुसरा म्हणाला की पैसे घरी मोजले, मामा म्हणाले होते की दुकानात मोजले. म्हणून दोघांवर विश्वास नाही.

जिल्हा कोर्टाचा निकाल नऊ पानांचा आहे. मुद्दा एकच, 'खालील न्यायालयाच्या निकालात हस्तक्षेप करण्याची गरज आहे काय?' आणि उत्तर 'नाही'. परिच्छेद १४ मध्ये लिहिलंय की खरेदीखत नोंदणीकृत असल्यामुळे पुरावा कायद्याच्या कलम ९२ नुसार त्यातील मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा विचारातच घेता येत नाही.

कब्जाचे कागद म्हणजे २००६ ते २०१४ चे पीकपाहणीचे उतारे, निशाणी ५२ ते ५९. सगळ्यांवर मामांचं नाव. जिल्हा कोर्टाच्या नऊ पानांत त्यांचा एक शब्द नाही. आणि समोरच्या मोठ्या मुलाच्या उलटतपासात हे वाक्य आहे: 'हे म्हणणे खरे आहे की, सन २०१४ पर्यंत आम्ही दावा मिळकतीत पेरणी केलेली नाही.' खरेदीखतात मात्र 'कब्जा आजरोजी दिला' असं आहे.

---

रानवाट | ५ मार्च, रात्री ९:३२

मग हे सरळसरळ गहाण आहे! मुदत खरेदी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५८. गहाण सोडवायला तीस वर्षं मिळतात. दस्ताचा अर्थ लावणं हा कायद्याचा प्रश्न असतो, म्हणजे तुमचं काम झालं.

---

दिवाणी_बाजू | ५ मार्च, रात्री १०:५०

रानवाट, दस्ताचा अर्थ लावणं हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो, हे बरोबर. पण या वाटेने जाऊ नका. जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच ते गहाण मानता येतं, हा दंडक १९२९ पासून कायद्यातच आहे. माळरान यांच्या दस्तात अट नाही, बोली तोंडी होती. आणि मामांचा बचावही तो नाही. त्यांचं म्हणणं असं की खरा व्यवहार कर्जाचा, खत नुसतं दाखवायला.

आता माळरान, परिच्छेद १४ वर बोट ठेवा. तिथे काहीतरी आहे.

२०२४ पर्यंतच्या पुरावा कायद्याचं कलम ९२ असं सांगतं की लेखी दस्तातल्या अटी तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत. किंमत दीड लाख लिहिली असेल तर 'खरं तर तीन लाख ठरले होते' असं तोंडी सांगून दस्त फिरवता येत नाही. पण 'हा दस्त अमलात आणायचाच नव्हता, खरा व्यवहार वेगळाच होता' असं म्हणणाऱ्याला हे कलम आडवं येत नाही. गंगाबाई विरुद्ध छबुबाई या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९८१ सालीच हे स्पष्ट केलंय. असा तोंडी पुरावा देता येतो. तो पटायचा की नाही, ही पुढची गोष्ट.

म्हणजे जिल्हा कोर्टाने साक्षीदारांना खोटं ठरवलेलं नाही. त्यांच्याकडे बघायलाच कायद्याने बंदी आहे असं ते म्हणालं, आणि तशी बंदी नाही. साक्षीदार पटला नाही, ही वस्तुस्थिती. साक्षीदार ऐकताच येत नाही असं चुकीचं समजून बाजूला ठेवला, हा कायदा. तुमचं अख्खं दुसरं अपील या एका फरकावर उभं राहतं.

---

सडेतोड_७ | ६ मार्च, सकाळी ८:१०

पण ताई, सुप्रीम कोर्टाने १९८१ लाच ठरवलं असेल तर कायदा ठरलेला आहे. ठरलेल्या कायद्यावर महत्त्वाचा प्रश्न कसा उरतो? आमच्या वेळी हायकोर्ट हेच म्हणालं होतं की हा मुद्दा सेटल्ड आहे.

---

दिवाणी_बाजू | ६ मार्च, दुपारी १२:४०

चांगला प्रश्न आहे. चुनीलाल मेहता यांच्या १९६२ च्या निकालात घटनापीठाने कसोटी दिली, त्यात असं आहे खरं. प्रश्न आधीच ठरलेला असेल आणि ते तत्त्व फक्त लागू करायचं असेल, तर तो महत्त्वाचा प्रश्न नव्हे. पण कायदा ठरलेला असताना खालच्या कोर्टाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला, तर प्रश्न उभा राहतो. हिरो विनोथ या २००६ च्या निकालात हे लिहिलेलं आहे. तिथेच असंही म्हटलंय की महत्त्वाचा पुरावा दुर्लक्षिला असेल, पुराव्याशिवायच निष्कर्ष काढला असेल किंवा शाबितीचा भार चुकीच्या पक्षावर टाकला असेल, तर एकसारख्या निकालांतही हस्तक्षेप होऊ शकतो. तुमच्या चुलत्यांच्या वेळी खालच्या कोर्टाने ठरलेला कायदा नीट लावला असणार.

---

सांजदिवा | ६ मार्च, दुपारी २:०५

माझंही असंच आहे. एका ओळखीच्या माणसाकडे १८ हजार अडकलेत. दोन्ही कोर्टांनी माझ्या विरुद्ध निकाल दिला. आणि आता मला त्याने सही केलेली जुनी चिठ्ठी कपाटात सापडली. हायकोर्टात ती दाखवली तर चालेल ना?

---

शब्दशः | ६ मार्च, दुपारी २:५०

सांजदिवा, दावा नुसत्या पैशाच्या वसुलीचा असेल आणि रक्कम २५ हजारांच्या वर नसेल, तर दुसरं अपीलच नाही. कलम १०२. मग चिठ्ठीचा प्रश्नच येत नाही. आणि दावा मोठा असता तरी कपाटातला कागद अपिलात सहजासहजी घेत नाहीत. शोधूनही आधी मिळाला नसता, असं दाखवावं लागतं. स्वतःच्याच कपाटात होता म्हटल्यावर ते दाखवणं अवघड. तुमचं आणि माळरान यांचं एकसारखं नाही. त्यांचे कागद आधीपासून निशाणी पडलेत, त्यांच्याकडे बघितलं गेलं नाही.

---

उलटबाजू | ६ मार्च, संध्याकाळी ६:२५

मीही वकील आहे, बहुतेक वेळा जिंकलेल्या पक्षाकडून हायकोर्टात उभा असतो. ताईंनी आशा दाखवली, मी समोरच्याकडून काय म्हणेन ते सांगतो, म्हणजे मामांना कळेल.

पहिलं, तालुका कोर्टाने कलम ९२ चा अडथळा न मानता साक्षीदार ऐकले आणि मग अविश्वास दाखवला. तो निष्कर्ष वस्तुस्थितीचा आहे आणि जागेवर आहे. परिच्छेद १४ चुकीचा धरला तरी निकाल त्या दुसऱ्या पायावर उभा राहतो. ज्या चुकीने निकाल बदलत नाही, ती चूक महत्त्वाचा प्रश्न होत नाही.

दुसरं, जिल्हा कोर्ट निकाल कायम करत होतं, उलटवत नव्हतं. संतोष हजारी प्रकरणात सुप्रीम कोर्टानेच २००१ मध्ये म्हटलंय की निकाल कायम करताना खालच्या कोर्टाची सगळी कारणं पुन्हा लिहायची गरज नाही, सहमती दाखवली तरी सहसा पुरतं.

तिसरं, कब्जा मामांकडे राहिला म्हणून खत खोटं होत नाही. विकूनही जमीन करायला मागे ठेवतात.

---

दिवाणी_बाजू | ६ मार्च, रात्री ९:४०

उलटबाजू, पहिला मुद्दा जड आहे आणि माळरान यांनी तो कमी लेखू नये. माझं उत्तर असं असेल. पहिल्या अपिलात पुरावा तोलायचं काम जिल्हा कोर्टाचं होतं, आणि कलम ९२ मुळे त्याने ते केलंच नाही. घरी मोजले की दुकानात मोजले, ही आठ-दहा वर्षांपूर्वीच्या आठवणीतली तफावत. तिच्या पलीकडे आठ वर्षांचे उतारे आणि समोरच्याची स्वतःची कबुली. दोन्ही एका तराजूत टाकली असती तर काय झालं असतं, हे आज कोणी सांगू शकत नाही, कारण तराजू हातात घेतलाच गेला नाही. संतोष हजारीतही त्याच जागी बजावलंय की सहमतीचा शेरा ही कर्तव्य टाळायची पळवाट होऊ नये. कारणांशी सहमत होण्याआधी पुरावा बघितलेला असावा लागतो. इथे तर 'बघता येत नाही' असं लिहिलंय. शिवाय आदेश ४१ नियम ३१ प्रमाणे निर्णयाचे मुद्दे काढावे लागतात. 'व्यवहार कर्जाचा होता काय' हा मुद्दाच काढलेला नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मी भांडणार नाही. तो पुराव्याचा आहे. तो हायकोर्टापुढे लढायलाच जाऊ नये, नाहीतर आपण होऊनच सांगितल्यासारखं होतं की आमचं अपील वस्तुस्थितीवर आहे.

---

काळीआई | ६ मार्च, रात्री १०:१५

मग हायकोर्टाने प्रश्न मान्य केला तर जमीन मामांची ठरते का?

---

दिवाणी_बाजू | ६ मार्च, रात्री १०:५८

नाही, आणि हे मामांना आधीच सांगून ठेवा. बहुतेक वेळा प्रकरण जिल्हा कोर्टाकडे परत जातं, पुरावा नीट तोलून पुन्हा निकाल द्या म्हणून. तिथे मामा पुन्हा हरू शकतात. कलम १०३ खाली हायकोर्ट स्वतःही तो मुद्दा ठरवू शकतं. रेकॉर्डवर पुरावा पुरेसा असेल आणि खालच्या कोर्टाने तो मुद्दा ठरवलाच नसेल किंवा कायद्याच्या चुकीमुळे चुकीचा ठरवला असेल, तर. हायकोर्ट वस्तुस्थितीला हात लावतं ते या एका खिडकीतून. मी तिची मागणी मेमोत जरूर घालीन. प्रकरण परत गेलं की आणखी वर्षं जातात आणि मामांचं वय थांबत नाही.

---

उलटबाजू | ६ मार्च, रात्री ११:२०

इथे माझं मत वेगळं आहे. साक्षीदारांचा खरेपणा ठरवायचा असेल तर १०३ वापरायला हायकोर्ट नाखूष असतं. आणि मामांच्या बाजूनेही प्रकरण परत गेलेलं बरं, कारण तिथे सगळा पुरावा मोकळेपणाने मांडता येतो.

---

सडेतोड_७ | ७ मार्च, सकाळी ७:५५

सावकारीचं असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो ना? सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळते.

---

शब्दशः | ७ मार्च, सकाळी ८:३०

तशी तरतूद आहे, पण समोरचा माणूस विनापरवाना सावकारी करत होता हे तिथे दाखवावं लागतं. एकदाच एका ओळखीच्याला पैसे दिले असतील तर ती सावकारी ठरत नाही. आणि ताब्याचा हुकूमनामा दिवाणी कोर्टाचा झालाय, तो त्या अर्जाने आपोआप थांबत नाही. माळरान, आधी दिवस मोजा. निकालाच्या तारखेपासून ९० दिवस, त्यातून नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा. नुसतं अपील दाखल केल्याने दरखास्त थांबत नाही, स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. कितीतरी लोकांचं अपील पडून राहिलेलं आणि ताबा गेलेला मी पाहिलाय.

---

माळरान | ८ मार्च, रात्री ८:४५

आज वकिलांकडे जाऊन आलो. नक्कलेसाठी निकालाच्या तिसऱ्याच दिवशी अर्ज केला होता, ती यायला ११ दिवस लागले. म्हणजे हातात अजून साधारण पाच आठवडे आहेत. दरखास्तीत नोटीस आलीय, पुढची तारीख २४. वकील त्याआधी अपील आणि स्थगितीचा अर्ज दोन्ही दाखल करू म्हणाले.

मी परिच्छेद १४ दाखवला तेव्हा ते बराच वेळ वाचत होते. त्यांच्या आधीच्या मसुद्यात सोळा मुद्दे होते, 'साक्षीदारांवर विश्वास ठेवायला हवा होता' अशा धर्तीचे. ते बाजूला ठेवून त्यांनी हे दोन लिहून दिले:

'खरेदीखत नाममात्र असून खरा व्यवहार कर्जाचा होता, असा बचाव असताना कलम ९२ च्या आधारे तोंडी पुरावा विचारातून वगळण्यात पहिल्या अपिलीय न्यायालयाने कायद्याची चूक केली काय?'

'निशाणी ५२ ते ५९ आणि वादीची कबुली यांचा विचार न करता कायम केलेला निष्कर्ष कायद्याने टिकतो काय?'

मामांनी एकच विचारलं, "म्हणजे हायकोर्टात कोणी मला विचारणार नाही का, पैसे फेडले का म्हणून?" मी नाही म्हणालो. त्यांनी २०१० पर्यंत दिलेल्या पैशांच्या तारखा एका वहीत लिहिल्या आहेत. ती वही कोर्टात कधी दाखलच केली नव्हती, हे मला आज कळलं. ताई, तिचं काही करता येईल का?

---

दिवाणी_बाजू | ८ मार्च, रात्री ९:३०

हायकोर्टात आता ती दाखवायचा प्रयत्न करू नका. सांजदिवांच्या चिठ्ठीसारखंच उत्तर येईल आणि दोन चांगल्या प्रश्नांवरचं लक्ष उडेल. प्रकरण जिल्हा कोर्टाकडे परत गेलं तर तिथे जास्तीच्या पुराव्याचा अर्ज देऊन बघता येईल. तो मंजूर होईलच असं मी म्हणणार नाही, इतकी वर्षं का दाखल केली नाही याचं उत्तर द्यावं लागेल. तोवर वही जपून ठेवा. त्यात आता काहीही लिहू नका आणि कुणाला लिहू देऊ नका.